शून्य ओळखींपासून जीआयएसपर्यंत: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनवर मी बरीच वर्षं साइट इंजिनिअर आहे. टोटल स्टेशन, लेव्हल, काम प्रत्यक्ष जसं झालं तसं दाखवणारी अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग हे रोजचं काम. आता जीआयएसमध्ये, म्हणजे जागेशी जोडलेली माहिती संगणकावरच्या नकाशांत मांडण्याच्या कामात, जायचं आहे. संध्याकाळी बसून त्याचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस शिकले; लेयर जोडणं, माहिती साफ करणं, नकाशा काढणं जमतं. त्या क्षेत्रात मात्र ओळखीचं एकही माणूस नाही. शिकवणारं कुणी नाही, जुना सहकारी नाही, नात्यातलंही कुणी नाही.

म्हणून या नोंदी फक्त ओळखींच्या कामाच्या आहेत. नोकरी मागायची असं ठरवून निघालं, की समोरच्याला ते पहिल्या वाक्यातच कळतं. त्याच्याकडे आज जागा नसेल, तर त्याच्याकडे द्यायला उत्तरच उरत नाही आणि तो गप्प बसतो. यासाठी पहिल्या टप्प्याचं उद्दिष्ट मी एका प्रश्नाच्या रूपात लिहिलं आहे: साइटवरून निघालेलं ड्रॉइंग नकाशावर चढेपर्यंत मधलं काम कोण करतं, आणि ते कुठे अडतं?

या प्रश्नाचं उत्तर ते काम करणाऱ्या कुणालाही देता येतं, जागा असो वा नसो. शिवाय तो मला खरोखर पडलेला आहे. माझी ड्रॉइंग ऑफिसात जमा झाल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हे साइटवर कुणालाच कळत नाही.

११ जानेवारी

एक तक्ता केला. माणूस कोण, काय काम करतो, त्याच्यापर्यंत कसं पोचले, त्याला कोणता प्रश्न विचारायचा, बोलणं झालं तर काय कळलं, त्याला मी काय कळवायचं कबूल केलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरेल असं वाटतंय.

नावं आणायची कुठून, यावर आज बराच वेळ गेला. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा लेख या बाबतीत पायाभूत मानला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून जागेची बातमी कळली त्याला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होता? नेहमी भेटणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. याचं कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. दूरची ओळख वेगळ्या वर्तुळात वावरते, म्हणून तिच्याकडे वेगळी बातमी असते. माझ्या जवळच्या सगळ्या मंडळींना साइटवरच्याच जागा कळतात, हे मी रोज बघते.

२०२२ साली लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर झालेल्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी बदलायला सर्वांत जास्त उपयोग मध्यम अशक्त ओळखींचा झाला, असं त्यातून दिसलं. म्हणजे अगदी परका माणूसही नव्हे आणि रोजचा मित्रही नव्हे. ज्याच्याशी काही थोडे परिचित सामाईक आहेत असा. हे वाचून कामाची दिशा ठरली. अगदी अनोळखी माणसाला गाठणं ही सुरुवात झाली, पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. त्या माणसाशी आणि त्याच्या आजूबाजूच्या एकदोघांशी बोलणं झालं, की माझी ओळख त्या मधल्या पट्ट्यात सरकते. तेव्हा विखुरलेल्या पुष्कळ लोकांना लिहिण्यापेक्षा एकाच छोट्या वर्तुळात, पाणी-वाहिन्यांच्या जीआयएसमध्ये, चारदोन माणसं गाठायची.

१३ जानेवारी

नावांचे तीन झरे सापडले.

पहिला झरा म्हणजे विसरलेल्या ओळखी. माझी ड्रॉइंग तपासायला सल्लागार कंपनीकडून एक ड्राफ्ट्समन यायचे. त्यांनी नोकरी बदलल्यापासून आमचं बोलणं नाही. अशा थंडावलेल्या ओळखींवर संशोधन झालेलं आहे आणि त्या उपयोगी पडतात असं दिसलं आहे: विश्वास आधीचा असतो, आणि मधल्या काळात त्या माणसाचं वर्तुळ बदललेलं असतं. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने आधी हा झरा तपासावा. नव्या क्षेत्रातला कुणी नसला, तरी त्या क्षेत्राच्या उंबऱ्यावर काम केलेलं कुणीतरी बहुतेक निघतं.

दुसरा झरा म्हणजे उघडपणे बोलणारी माणसं. परिषदेत पाणी-वाहिन्यांच्या नकाशांवर भाषण दिलेले, लेख लिहिलेले, क्यूजीआयएसच्या वापरकर्त्यांना अडचणी सोडवून देणारे. यांनी एखाद्या गोष्टीवर जाहीर मत मांडलेलं असतं, त्यामुळे त्यांना लिहायला कारण तयार असतं.

तिसरा झरा जाहिरातींचा. नोकरीच्या जाहिराती अर्ज करण्यासाठी न वाचता, कोणत्या संस्थेत अशी टीम आहे हे शोधण्यासाठी वाचल्या. टीम कळली की त्यातली माणसं लिंक्डइनवर दिसतात. विभागप्रमुख टाळले. दोन-चार वर्षं प्रत्यक्ष काम करणारे निवडले, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हातातलं आहे. आणि जे स्वतः दुसऱ्या क्षेत्रातून आलेत त्यांच्या नावापुढे खूण केली.

१८ जानेवारी

आजचा दिवस संदेश लिहिण्यात गेला. असे संदेश साधारण ज्या साच्यात येतात तो असा: “नमस्कार सर, मला जीआयएसमध्ये करिअर करायचं आहे. आपलं मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन. सोबत बायोडेटा जोडला आहे.”

वाचणाऱ्याच्या बाजूने हा संदेश बघितला. मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय द्यायचं, हे त्यालाच ठरवायला लागतं. किती वेळ जाईल ते कळत नाही. बायोडेटा जोडल्यामुळे ही नोकरीची मागणी आहे हे पक्कं होतं. आणि हाच संदेश आणखी शंभर जणांना गेला असेल, असं वाटायला पूर्ण वाव आहे.

परिषदेत बोललेल्या एका विश्लेषक बाईंना आज पाठवलेला संदेश इथे उतरवून ठेवते:

“नमस्कार मॅडम. पाइपलाइनच्या कामावर मी साइट इंजिनिअर आहे आणि जीआयएसकडे वळते आहे. जुन्या अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंगवरून वाहिन्यांचा नकाशा तयार करण्यावरचं आपलं भाषण ऐकलं. आमची ड्रॉइंग साइटच्या स्थानिक ग्रिडमध्ये असतात. ती आपल्याकडे पोचल्यावर खऱ्या कोऑर्डिनेट्समध्ये कोण आणतं, आणि कंट्रोल पॉइंट नसतील तर काय करतात? वीस मिनिटं फोनवर बोलता आलं तर फार बरं होईल. नाही जमलं तर दोन ओळींत लिहिलंत तरी पुरे.”

मी कोण, तुम्हालाच का लिहिते आहे, प्रश्न काय, वेळ किती, हे सगळं यात आहे. शेवटचा पर्याय मुद्दाम ठेवला आहे. फोन नको असणारी माणसं पुष्कळ असतात. दोन ओळींची वाट मोकळी ठेवली की ती निदान लिहितात, आणि लिहून झालं की कित्येकदा स्वतःच फोन सुचवतात. लिंक्डइनवर ओळखीच्या विनंतीसोबत जेमतेम दोन-तीनशे अक्षरं बसतात, तिथे फक्त भाषणाचा उल्लेख आणि प्रश्न जातो. ईमेल मिळाला तर ईमेलच बरा.

प्रश्न शोधल्यावर सहज मिळणारा नसावा, याची काळजी घेतली. “जीआयएससाठी कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?” असं विचारलं तर समोरच्याला एवढंच कळतं की हिने स्वतः शोधलेलं नाही. काम केलेल्या माणसालाच ठाऊक असेल अशीच गोष्ट विचारायची.

१ फेब्रुवारी

उत्तरांचा कल दिसायला लागला. जुने ड्राफ्ट्समन काका लगेच बोलले, आणि आता जिथे आहेत तिथल्या जीआयएस टीममधल्या एकाचं नाव त्यांनी दिलं. परक्या लोकांपैकी बरेच गप्प आहेत. क्षेत्र बदलून आलेल्यांनी मात्र जास्त आपुलकीने उत्तरं दिली. त्या विश्लेषक मॅडमनी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली.

गप्प राहिलेल्यांना आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करायची, तीही त्याच धाग्यात एका ओळीने. त्यानंतर थांबायचं. ते वर्तुळ लहान आहे; तिसरा संदेश गेला की चिकटपणाची खबरही त्याच वर्तुळात फिरते.

गप्पपणा कुठे होतो, यावरून काय बिघडलं ते ओळखता येतं असं दिसतंय. कुणीच उत्तर देत नसेल तर माणसांची निवड किंवा पहिली दोन वाक्यं तपासायची. ओळखीची विनंती स्वीकारली पण बोलणं पुढे गेलं नाही, तर बहुधा प्रश्न फार मोठा असतो. आणि बोलणं छान झालं पण पुढचं नाव मिळालं नाही, तर बोलण्यातच काहीतरी राहिलं. तक्त्यात प्रत्येकापुढे यातलं काय घडलं ते लिहीत आहे.

९ फेब्रुवारी

विश्लेषक मॅडमशी फोन झाला. बोलणं जे पालटलं ते एका प्रश्नामुळे, म्हणून तपशील लिहून ठेवते.

सुरुवातीला मी माझ्याबद्दल अर्ध्या मिनिटात सांगितलं आणि विचारलं, “गेल्या आठवड्यात तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?” “तुमचं काम कसं असतं?” असं विचारलं असतं तर जाहिरातीत छापतात तसं उत्तर आलं असतं. गेला आठवडा आठवायला लागला की माणूस खरं सांगतो. त्या म्हणाल्या, “एका ठेकेदाराची ड्रॉइंग नकाशावर बसेनात, त्यातच सगळा आठवडा गेला.” दोन टोकांचे व्हॉल्व्ह जागेवर बसवले तरी मधली वाहिनी लांब निघत होती. तीन किलोमीटरला मीटरभराचा फरक.

हे मला साइटवरून माहीत आहे. यूटीएम म्हणजे पृथ्वी पट्ट्यांमध्ये वाटून प्रत्येक पट्टा सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत. जमिनीवर मोजलेलं अंतर आणि यूटीएम ग्रिडवरचं अंतर एक नसतं. यूटीएमच्या प्रत्येक पट्ट्याच्या मध्यरेखेवर मापनाचा गुणक, म्हणजे स्केल फॅक्टर, ०.९९९६ धरलेला असतो, म्हणजे जमिनीवरचे १००० मीटर ग्रिडवर ९९९.६ मीटर होतात. किलोमीटरमागे चाळीस सेंटिमीटर, तीन किलोमीटरला एक मीटर वीस. मध्यरेखेपासून दूर गेलं की हा फरक कमी होत जातो, दोन्ही बाजूंना सुमारे १८० किलोमीटरवर शून्य होतो आणि त्यापुढे उलट्या दिशेने वाढतो. ठेकेदाराने टोटल स्टेशनने जमिनीवरची अंतरं मोजली आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात यूटीएम असं लिहिलं, तर नेमकं असंच होतं. मी विचारलं, “त्यांनी स्केल फॅक्टर लावला होता का, ते कुठे लिहिलंय?” त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “हे आमच्याकडे कुणी बघतच नाही.”

त्यापुढे बोलणं दोन्हीकडून चाललं. मी विचारत होते आणि त्याही विचारत होत्या. वीस मिनिटं झाल्यावर मी वेळ संपल्याची आठवण केली. त्यांनी स्वतःहून बोलणं वाढवलं. ही आठवण करणं आवश्यक वाटतं. कबूल केलेला वेळ पाळणाऱ्या माणसाला पुढच्या वेळी वेळ द्यायला कुणी कचरत नाही.

दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली म्हणजे कामाची नावं. मी आजवर जाहिरातींमध्ये ‘जीआयएस अ‍ॅनालिस्ट’ शोधत होते. मॅडमच्या टीममध्ये हेच काम करणाऱ्यांची पदं ‘अ‍ॅसेट डेटा इंजिनिअर’ आणि ‘नेटवर्क डेटा स्पेशालिस्ट’ अशी आहेत. बाहेरून शोधताना हे शब्द सुचलेच नसते. दुसरी म्हणजे टीमची खरी गरज: नकाशाचं सॉफ्टवेअर चालवणारे आहेत, साइटचं ड्रॉइंग वाचून त्यात काय गडबड आहे ते सांगणारं कुणी नाही.

शेवटी विचारलं, “या ड्रॉइंगच्या प्रश्नावर आणखी कुणाशी बोलायला हवं?” इथे विषयाचं नाव घेतल्याने फरक पडतो. नुसतं “आणखी कुणाची ओळख करून द्याल का?” असं विचारलं, तर समोरचा डोक्यातली सगळी यादी चाळतो आणि बघून सांगतो म्हणतो. विषय दिला की एखादं नाव चटकन येतं. त्यांनी डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचं नाव दिलं.

१० फेब्रुवारी

सकाळी मॅडमना आभाराचा संदेश पाठवला. त्यात तीनच गोष्टी: त्यांनी सांगितलेली कोणती गोष्ट मला नवी होती, मी तिच्यावर काय करणार आहे, आणि ते कधीपर्यंत कळवेन. हीच तारीख तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात भरली.

डेटाबेसवाल्या सहकाऱ्याला लिहिताना पहिलंच वाक्य “… मॅडमनी आपलं नाव सुचवलं” असं ठेवलं. नाव वापरायला मॅडमची परवानगी आधी घेतली होती. त्याचं उत्तर दुपारीच आलं.

२७ फेब्रुवारी

कबूल केलेलं काम पूर्ण झालं. मॅडमच्या टीमला जो प्रश्न पडला होता, त्याचा छोटा नमुना करून दाखवायचा होता.

कंपनीचं एकही ड्रॉइंग वापरलं नाही. ते आपल्या मालकीचं नसतं, आणि नमुना म्हणून बाहेर दाखवलं तर पाहणाऱ्याला हाच प्रश्न पडतो, की उद्या ही आमची माहितीही अशीच दाखवेल का. त्याऐवजी एका मोकळ्या मैदानावर काल्पनिक वाहिनीची मोजणी केली. सुरुवातीचा बिंदू साइटवर धरतो तसा १०००, १००० धरला. ही फाइल यूटीएम म्हणून उघडली, की वाहिनी विषुववृत्तापासून किलोमीटरभर अंतरावर, भलत्याच जागी जाऊन पडते. ड्रॉइंग स्थानिक ग्रिडमध्ये असल्याची ही पहिली खूण.

मग ज्यांचे खरे कोऑर्डिनेट्स ठाऊक आहेत असे बिंदू घेऊन क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये हेल्मर्ट पद्धतीने ती जागेवर आणली. या पद्धतीत शोधायच्या गोष्टी चार: दोन दिशांनी सरकवणं, फिरवणं आणि मापनाचा गुणक. प्रत्येक बिंदू दोन समीकरणं देतो, त्यामुळे दोन बिंदूंत उत्तर बरोब्बर जुळतं. तिथेच फसायला होतं. एक बिंदू चुकीचा असला तरी दोन बिंदूंवर शिल्लक चूक शून्यच दिसते. तिसरा बिंदू घातला की ती उघडी पडते. मी तिसरा बिंदू मुद्दाम अर्धा मीटर हलवून दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले, आणि गुणक १ पासून किती दूर गेला यावरून जमिनीचं अंतर आहे की ग्रिडचं ते कसं ओळखायचं, हे खाली लिहिलं.

एकच पान झालं. मॅडमना पाठवताना लिहिलं: “तुम्ही सांगितलेल्या लांब निघणाऱ्या वाहिनीच्या प्रश्नावर हे करून बघितलं. उत्तर द्यायची घाई नाही.” प्रत डेटाबेसवाल्या सहकाऱ्यालाही, कारण स्केल फॅक्टरसाठी वेगळा रकाना ठेवण्याची सूचना त्याची होती.

या संपूर्ण प्रकल्पातला सगळ्यात वजनदार टप्पा हाच, असं माझं ठाम मत झालं आहे. सल्ला मागणारे पुष्कळ येतात. सल्ल्याचं काय झालं हे परत येऊन सांगणारे फार थोडे. समोरच्याने दिलेल्या वीस मिनिटांचं काहीतरी झालं, हे त्याला दिसतं तेव्हाच तो तुम्हाला ओळखतो असं म्हणता येतं. पहिल्या फोननंतर मी त्यांच्यासाठी एक आवाज होते.

२ मार्च

मॅडमचं उत्तर: पान टीमच्या बैठकीत दाखवलं. आणखी एका प्रकल्पातही तिसरा बिंदू घेतलेला नव्हता असं निघालं.

१५ मार्च

खुल्या नकाशांवर काम करणाऱ्यांच्या मेळाव्याला गेले. तिथे कुणालाच ओळखत नव्हते, म्हणून आयोजकांना आधीच लिहून नोंदणीच्या टेबलावरचं काम मागून घेतलं. अनोळखी गर्दीत शिरून बोलायला सुरुवात करणं मला अवघड जातं. टेबलावर बसलं की प्रत्येक जण आपणहून समोर येतो आणि नाव सांगतो. दुपारच्या सुटीत त्यातल्या दोघांशी नीट बोलणं झालं. एक जण ओपनस्ट्रीटमॅपवर पाण्याच्या टाक्या आणि पंपघरं भरतो. त्याच्याबरोबर काही आठवडे काम करायचं ठरलं. एकत्र काम केलं की माणूस कळतो, तो भेटीगाठींनी तेवढा कळत नाही. गोळा केलेल्या बाकीच्या कार्डांचं फारसं काही होईल असं वाटत नाही.

२९ मार्च

डेटाबेसवाल्याने त्याच्या आधीच्या संस्थेतल्या टीमप्रमुखांशी गाठ घालून दिली. या बोलण्याचा सूर वेगळा होता. त्यांनी थेट विचारलं, “साइट सोडून का येताय?”

याचं उत्तर तयार होतं, आणि ते तयार असायलाच हवं. साइटवरचे हाल सांगत बसलं, की ऐकणाऱ्याला कळतं की ही कशापासून तरी पळते आहे. मी म्हणाले, “आम्ही जमिनीखाली काय पुरलं ते वीस वर्षांनी खणणाऱ्याला कळत नाही. ती माहिती नीट राहावी असं काम मला करायचं आहे, आणि ती कुठे बिघडते हे मी साइटवर बघितलं आहे.” मग त्यांनी ते पान मागितलं. आधी कुणीतरी त्यांना त्याबद्दल सांगितलं होतं.

त्यांच्याकडे जागा निघणार आहे. अजून जाहिरात नाही.

३० मार्च

शिफारशीचा प्रश्न समोर आला. डेटाबेसवाल्याला शब्द टाकायला सांगायचं, तर त्यात त्याचं काय पणाला लागतं याचा विचार केला. मी कामात कमी पडले तर पुढच्या वेळी त्याच्या शब्दाला किंमत राहणार नाही. म्हणून नाही म्हणायला जागा ठेवून विचारलं: “माझं जेवढं काम तुम्ही बघितलं, त्यावरून मनापासून सांगता येईल असं वाटलं तरच सांगा. नाहीतर मी सरळ अर्ज करते, त्याचं वाईट वाटणार नाही.”

तो हो म्हणाला. मग जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मजकूर त्याला करून दिला, म्हणजे त्याला बसून लिहायला नको:

“पाइपलाइनवर साइट इंजिनिअर. टोटल स्टेशनची मोजणी आणि अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग स्वतः केलेली. स्थानिक ग्रिडमधली ड्रॉइंग खऱ्या कोऑर्डिनेट्समध्ये आणणं आणि त्यातल्या चुका ओळखणं यावर एक पानाचा नमुना सोबत. क्यूजीआयएस नियमित वापर. डेटाबेसचं काम शिकते आहे, अजून प्राथमिक.”

शेवटचं वाक्य तसंच ठेवायला त्याचा आधी विरोध होता. मी ठेवलं. शिफारस करणाऱ्याच्या नावावर नसलेलं कौशल्य चढवून पाठवायचं नाही.

१३ एप्रिल

ओळखी कुठपर्यंत पोचवतात, हे आज स्पष्ट झालं. टीमप्रमुखांनी अर्ज मागवला, पण लेखी परीक्षा सगळ्यांना सारखीच आहे आणि त्यात स्पेशियल डेटाबेसवरच्या एसक्यूएल क्वेरी असणार. ओळखीमुळे अर्ज वाचला गेला आणि जाहिरातीआधी जागेची बातमी कळली. परीक्षा मलाच द्यायची आहे. रोज संध्याकाळी तोच अभ्यास चालू आहे. डेटाबेसवाल्याने कोणत्या प्रकारच्या क्वेरी रोज लागतात ते सांगितलं: एका व्हॉल्व्हपासून ठरावीक अंतरातल्या वाहिन्या शोधणं, एकमेकांना न जुळलेली टोकं शोधणं. परीक्षेतले प्रश्न त्याला माहीत नाहीत आणि मी विचारलेही नाहीत.

सध्याच्या नोकरीबाबतही जपायला लागतं. लिंक्डइनवर ‘काम शोधत आहे’ अशी खूण लावलेली नाही. पाइपलाइन आणि पाणी-वाहिन्यांचं जीआयएस ही क्षेत्रं एकमेकांना लागून आहेत; ज्यांना लिहिलं त्यांच्यातला एखादा आमच्या कंपनीचा ग्राहकही असू शकतो. म्हणून प्रत्येक बोलण्यात सुरुवातीलाच सांगते, की हे सध्या आपल्यातच ठेवा. आजवर सगळ्यांनी ते पाळलं.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांमधल्या लोकांपर्यंत मी पोचू शकले नाही. तिथे माझ्या साइटच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं कुणालाच कारण नाही. तो भाग तूर्त सोडून दिला आहे.

२५ एप्रिल

परीक्षा झाली. मुलाखतीचं बोलावणं आलं आहे.

तक्त्यातल्या सगळ्यांना दोन ओळींत ही बातमी कळवली, पहिल्या ड्राफ्ट्समन काकांपासून. काहीही न मागणारा संदेश अधूनमधून गेला तरच ओळख चालू राहते. काम पडलं की उगवणाऱ्या माणसाला लोक लगेच ओळखतात. ज्यांच्याकडून पुढे काही घडणार नाही असं दिसतंय त्यांनाही कळवलं, कारण वेळ त्यांनीही दिला होता.

आज पहिल्यांदा उलटा प्रश्न आला. विश्लेषक मॅडमनी विचारलंय, की ड्रॉइंगवरचे व्हॉल्व्ह प्रत्यक्ष जागेपासून हात-दोन हात बाजूला का निघतात. प्रत्येक ठेकेदाराकडून हेच येतं. उद्या सकाळी साइटवर जाण्याआधी उत्तर पाठवायचं आहे: बऱ्याचदा मोजणी चर बुजवल्यानंतर होते, तेव्हा व्हॉल्व्ह दिसत नाही, म्हणून चेंबरच्या झाकणाचा मध्य मोजला जातो, आणि झाकण व्हॉल्व्हच्या बरोबर वर असतंच असं नाही. मोजणी चर उघडा असताना झाली की बुजवल्यावर, एवढा एक रकाना त्यांनी ठेकेदारांच्या तक्त्यात वाढवला तर कोणत्या बिंदूंवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवता येईल. सोबत चेंबरचा हाताने काढलेला छेद पाठवते, त्यात झाकण आणि व्हॉल्व्ह या दोन्हींचे मध्य वेगळे दाखवलेत.